थकबाकी फिटली, आता उधारी पुन्हा चालू कशी करायची? नाशिकच्या एका वितरकाची पद्धत

जून संपत आला की पंचवटीतल्या आमच्या गाळ्यावर हमखास एक प्रकारचा फोन येतो. "भाऊ, मागचं सगळं भरलं. आता उधारी पहिल्यासारखी चालू करा." समोरचा कृषी सेवा केंद्र चालवणारा असतो. निफाड, दिंडोरी किंवा चांदवडकडचा. उन्हाळाभर आपण त्याला रोखीवर ठेवलेलं असतं, त्याने कष्टाने पैसे भरलेले असतात आणि दहा-बारा वर्षांचा संबंध असतो. हो म्हणायला जीभ वळवळते.

हो म्हणायचंच आहे, पण फोनवर नाही. मी खतं-औषधांचा घाऊक व्यापार करतो, त्यामुळे उदाहरण द्राक्षपट्ट्यातलं आहे. आकडे आपापल्या धंद्याप्रमाणे बदला, क्रम मात्र हाच ठेवा.

गिऱ्हाईक असं. पिंपळगाव बसवंतच्या बाजूचं दुकान, वर्षाची आमच्याकडची खरेदी 30 लाख. त्यातली 15 लाखांची खरेदी ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या तीनच महिन्यांत होते, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी-भुरीच्या फवारण्या सुरू होतात. उरलेले 15 लाख बाकी नऊ महिन्यांत. ठरलेली उधारी 60 दिवसांची, लिमिट 8 लाख. डिसेंबर-जानेवारीची 5 लाख 40 हजारांची बिलं मार्चच्या मध्यापर्यंत यायला हवी होती, ती जूनच्या मध्याला आली. म्हणजे तीन महिने उशीर.

पहिलं काम: खरंच फिटलं का, ते बिलवार पाहा

खात्यावर शिल्लक शून्य दिसली म्हणून बाकी फिटली असं होत नाही. दुकानदार बहुतेक वेळा रकमेने पैसे टाकतो, दीड लाख, दोन लाख. आपला अकाउंटंट घाईत ते टॅलीमध्ये `On Account` टाकून मोकळा होतो. मग जुनं एखादं बिल उघडंच राहतं आणि नवं बिल आधी फिटलेलं दिसतं. प्रत्येक पावती `Agst Ref` करून नेमक्या बिलाला लावून घ्या. कोणतं बिल फेडतोय हे सांगायचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. तो काहीच बोलला नाही, तर कुठल्या येण्याला लावायचं ते आपण ठरवू शकतो. करार कायद्याची कलमं 59 आणि 60 हेच सांगतात. मी सर्वांत जुनं बिल आधी लावतो आणि तसं त्याला कळवतो.

या कामात तीन गोष्टी हमखास वर येतात. दुकानदाराने स्वतःच कापून घेतलेली स्कीमची रक्कम, परत पाठवलेल्या पण आपल्याकडे जमा न झालेल्या पेट्या, आणि बँकेत टाकलेला पण अजून न वटलेला चेक. या खात्यात स्कीमचे 11 हजार असेच लटकलेले होते. त्याच्या मते बाकी शून्य, आमच्या मते 11 हजार. एवढी रक्कम सोडून देणं सोपं असतं, पण न बोलता सोडू नका. देय असेल तर क्रेडिट नोट काढा, नसेल तर मागून घ्या. वाद मिटल्याशिवाय नवी उधारी चालू केली की पुढच्या भांडणात हाच आकडा पुन्हा निघतो.

पैसे कसे आले तेही पाहा. एका माणसाकडून एका दिवसात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. एकाच व्यवहाराचे तुकडे करून वेगवेगळ्या दिवशी घेतले तरी सुटका नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच होतो. वसुलीच्या आनंदात सेल्समन पिशवीभर रोकड घेऊन येतो आणि आपण मोजून घेतो. तिथेच चूक होते.

सगळं जुळलं की खातेउतारा छापून त्यावर "दिनांक अमुकअखेर बाकी शून्य, कोणताही दावा शिल्लक नाही" असं लिहून दुकानदाराची सही-शिक्का घ्या. सही ज्याच्या नावावर जीएसटी आणि परवाना आहे त्याची हवी. आपल्याकडे दुकान भाऊ चालवतो आणि कागद वहिनींच्या नावावर असतात, हे नेहमीचं आहे. अशा वेळी वहिनींची सही घ्या.

दुसरं काम: पैसे आले कुठून?

माझ्या मते सगळ्या निर्णयाचा कणा हा प्रश्न आहे. थकबाकी फेडायला पैसे दोन ठिकाणांहून येतात. शेतकऱ्यांकडून वसुली झाली आणि त्यातून आपले फेडले, तर दुकान बरं झालं. दुसऱ्या वितरकाकडून उधारीवर माल उचलून स्वस्तात विकला, किंवा नातेवाइकाकडून हातउसने घेऊन आपले फेडले, तर आजार तसाच आहे, फक्त घेणेकरी बदलला. आपण उधारी चालू केली की आपल्या मालातून तो दुसऱ्याचं फेडणार, आणि पुढच्या मार्चला आपण पुन्हा रांगेत.

यासाठी दुकानात जाऊन बसावं लागतं. मी सेल्समनला एकट्याला पाठवत नाही. तो वाईट असतो म्हणून नाही, त्याच्यावर विक्रीचं टार्गेट असतं म्हणून. तासभर बसलं की पुष्कळ कळतं. मांडणीत एरवी नसलेल्या कंपन्यांचा माल एकदम वाढलाय का, मुदत जवळ आलेल्या बाटल्या किती आहेत, आणि मुख्य म्हणजे शेतकऱ्यांच्या उधारीची वही. ती वही दाखवायला तो तयार आहे का, हेच मोठं उत्तर असतं.

या दुकानदाराने वही काढून समोर ठेवली. गेल्या सीझनची येणी साधारण 9 लाख होती, त्यातली सात लाख वसूल झालेली. उशिराचं कारणही वहीतच दिसत होतं. त्याच्या काही बागायतदारांना द्राक्ष घेणाऱ्या व्यापाऱ्याने पैसे उशिरा दिले, ते मे महिन्यात आले. आमच्याकडे जमा झालेल्या रकमाही मे-जूनमध्ये चार हप्त्यांत, त्याच्या दुकानाच्याच खात्यातून आल्या होत्या. वही आणि आमचा उतारा एकमेकांशी जुळले. एकाच दिवशी, तिसऱ्याच माणसाच्या खात्यातून पूर्ण रक्कम आली असती आणि दुसऱ्या दिवशी मोठी ऑर्डर आली असती, तर मी थांबलो असतो.

आणखी एक तपासणी घरबसल्या होते. जीएसटी पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये त्याचा नंबर टाकला की विवरणपत्रं कधी भरली ते कुणालाही दिसतं. मुदत उलटून दोन-तीन महिने झाले तरी `GSTR-3B` भरलेलं नसेल तर दुकानाच्या हातात रोकड नाही असं समजा, तोंडी काहीही सांगितलं तरी.

वहीत मी एक गोष्ट मुद्दाम पाहिली, ती पिकांची. त्याचे निम्मे गिऱ्हाईक टोमॅटो आणि कांद्याचे होते. निव्वळ द्राक्षावरच्या दुकानाला पैसा फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच दिसतो. टोमॅटोवाल्यांकडून मात्र ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये, पिंपळगावचा बाजार चालू असताना रोख येते. पुढच्या अटी ठरवताना हे फार उपयोगी पडलं.

तिसरं काम: जुन्या अटी मुळात बरोबर होत्या का?

इथे बहुतेक जण चुकतात, मीही वर्षानुवर्षं चुकलो. "पहिल्यासारखं चालू करा" म्हणताना पहिलं काय होतं ते आपण मोजत नाही.

सीझनला त्याची खरेदी महिन्याला 5 लाख. उधारी 60 दिवसांची, म्हणजे कोणत्याही दिवशी दोन महिन्यांची बिलं उघडी, म्हणजे 10 लाख. लिमिट 8 लाखांचं. म्हणजे त्याने एक दिवसही उशीर केला नाही तरी नोव्हेंबरअखेर लिमिट ओलांडलं जाणारच. आणि दरवर्षी ओलांडलं जातच होतं, कुणीतरी फोनवर "सोडा माल" म्हणत होतं. तो कुणीतरी मीच होतो. लिमिट असून नसल्यासारखं झालं की दुकानदारालाही त्याची किंमत राहत नाही.

उशिराचा खर्चही एकदा कागदावर मांडा. बँकेचं कॅश क्रेडिट 11 टक्क्यांचं धरलं तर 5 लाख 40 हजारांचं तीन महिन्यांचं व्याज 14,850 रुपये होतं. याच मालावर 6 टक्क्यांनी आमचं मार्जिन 32,400. जवळजवळ निम्मं मार्जिन उशिरातच गेलं. हा हिशोब मी दुकानदारालाही दाखवतो, तक्रार म्हणून नाही, पुढच्या अटी कुठून आल्या ते कळावं म्हणून.

चौथं काम: टप्पे सीझन पाहून पाडा

मी दोन टप्पे केले. पहिला जुलै ते सप्टेंबर, दुसरा ऑक्टोबरपासून.

बिगर-सीझनमध्ये त्याची खरेदी महिन्याला सरासरी 1 लाख 67 हजार. पहिल्या टप्प्यात लिमिट पावणेदोन लाख आणि मुदत 30 दिवस ठेवली. 30 का, 60 का नाही? 1 ऑक्टोबरच्या आधी मला निदान दोन महिन्यांच्या मालाचे पैसे परत आलेले पाहायचे होते. जुलैचा माल ऑगस्टमध्ये फिटला, ऑगस्टचा सप्टेंबरमध्ये फिटला, हे दिसलं की माणसाची रीत कळते. 60 दिवस दिले असते तर जुलैच्या बिलांचीच मुदत सप्टेंबरभर संपत राहिली असती, आणि जेमतेम एका महिन्याचा अनुभव घेऊन मी वर्षातला सर्वांत मोठा धोका उचलला असता.

कारण द्राक्षपट्ट्यात धोका जुलैत नसतो, ऑक्टोबरात असतो. सर्वांत जास्त माल तेव्हाच जातो आणि पैसा यायला सर्वांत जास्त वेळ तेव्हाच लागतो. जुलैत वेळेवर भरलं एवढ्यावर सीझनची पूर्ण उधारी खुली करणं घाईचं होतं. सीझनच्या अटी वेगळ्या मांडाव्या लागल्या.

मी म्हटलं, सीझनला 45 दिवस. त्याने सरळ सांगितलं, "भाऊ, द्राक्षवाला मला मार्चमध्ये देतो. 45 दिवसांत पूर्ण कुठून आणू? हो म्हणीन, पण जमणार नाही." मला हे उत्तर आवडलं. जी अट पाळली जाणार नाही हे दोघांनाही माहीत आहे, ती लिहून काय उपयोग?

म्हणून प्रत्येक बिलाचे दोन भाग केले. निम्मं 45 दिवसांत, टोमॅटो-कांद्याच्या रोकडीतून. निम्मं 28 फेब्रुवारीपर्यंत, द्राक्षाच्या पैशातून. आता लिमिट तपासलं. पूर्ण 15 लाखांचा माल असा दिला, तर डिसेंबरअखेर फेब्रुवारीवर टाकलेले निम्मे भाग साडेसात लाख आणि शेवटच्या 45 दिवसांचे पहिले निम्मे भाग पावणेचार लाख, एकूण सव्वाअकरा लाख उघडे राहतात. हे 8 लाखांत बसत नाही. मग उलटं मोजलं. उधारीवर महिन्याला साडेतीन लाखांचाच माल, म्हणजे तीन महिन्यांत साडेदहा लाख. फेब्रुवारीवरचे 5 लाख 25 हजार, अधिक 2 लाख 62 हजार 500, एकूण 7 लाख 87 हजार 500. बसलं. उरलेला साडेचार लाखांचा माल त्याने पैसे भरून न्यायचा, त्यावर आम्ही रोखीची सूट द्यायची. यातून त्याचं जुनं 8 लाखांचं लिमिट परत मिळालं आणि ते खरोखर पाळता येईल असं झालं.

तारीख फेब्रुवारीअखेरची, मार्चअखेरची नाही, यालाही कारण आहे. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, पैसे भरल्यावर ते पुन्हा मिळतं. 1 ऑक्टोबरचं बिल 28 फेब्रुवारीला 150 दिवसांचं होतं, 31 मार्चला 181 दिवसांचं. मार्चअखेर दिली असती तर वेळेवर भरूनही तो अडकला असता.

पाचवं काम: पुढच्या अटी, थोड्या आणि पाळता येतील अशा

मी पाचच लिहिल्या. बारा लिहिल्या की एकही पाळली जात नाही.

कोणतंही बिल मुदतीनंतर 7 दिवस उघडं राहिलं की पुढचा माल आपोआप थांबेल. सेल्समनला तो सोडता येणार नाही आणि मलाही फोनवर नाही. चेक परत आला तर तीन महिने रोखीवर. उशिरावर वर्षाला 18 टक्के व्याज, डेबिट नोटने. हे व्याज जीएसटीत मालाच्याच किमतीचा भाग धरलं जातं, म्हणून मालाच्याच दराने कर लागतो, आणि कर भरायची वेळ व्याज प्रत्यक्ष हातात आल्यावर येते. हे लक्षात न घेता नुसती व्याजाची पट्टी पाठवणारे बरेच आहेत. चौथी अट स्कीमची: रक्कम स्वतः कापायची नाही, क्रेडिट नोट आल्यावरच वळती करायची.

पाचवी अट माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची. अडचण दिसत असेल तर मुदतीच्या आधी फोन करून रक्कम आणि तारीख सांगायची. तसं केलं तर सीझनमध्ये एकदा 15 दिवस बिनव्याजी वाढवून मिळतील आणि माल थांबणार नाही. दुकानदार फोन उचलणं बंद करतो तेव्हाच खरं नुकसान सुरू होतं. आधी सांगणाऱ्याचा फायदा झाला पाहिजे, नाहीतर कुणी का सांगेल?

सुरक्षेसाठी कोरा चेक घ्यावा का, असं पुष्कळ जण विचारतात. मी घेत नाही. तारीख टाकल्यापासून तीन महिन्यांत तो भरावा लागतो, परत आला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटिशीनंतर 15 दिवस वाट, मग महिन्याभरात तक्रार. त्यातही चेकवरची रक्कम त्या दिवशी खरोखर देय होती हे आपल्याला दाखवता यायला हवं. माल थांबवणं याहून लवकर लागू पडतं.

"45 दिवसांचा कायदा आहे ना आपल्याला" असंही ऐकतो. सूक्ष्म-लघु उद्योगांना विलंबित देण्यापासून मिळणारं ते संरक्षण अंबड-सातपूरच्या कारखानदाराला मिळतं. आपण घाऊक व्यापारी आहोत. व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी 2021 पासून पुन्हा सुरू झाली ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. त्या भरवशावर राहू नका.

पत्र आणि टॅली

ठरलेलं एका पानावर लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही घ्या. मी लिहिलेलं पत्र साधारण असं होतं:

> सप्रेम नमस्कार. आपल्या खात्यावरील मागील सर्व रक्कम जमा झाली असून 30 जूनअखेर बाकी शून्य आहे. अडचणीच्या काळात आपण संपर्क ठेवून रक्कम पूर्ण केलीत, याबद्दल आभार.
>
> 1 जुलैपासून आपली उधारी पुन्हा सुरू करत आहोत. 30 सप्टेंबरपर्यंत लिमिट 1,75,000 रुपये व मुदत 30 दिवस. या काळातील बिले मुदतीत जमा झाल्यास 1 ऑक्टोबरपासून लिमिट 8,00,000 रुपये. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये दरमहा 3,50,000 रुपयांपर्यंतचा माल उधारीवर, प्रत्येक बिलाची निम्मी रक्कम 45 दिवसांत व निम्मी 28 फेब्रुवारीपर्यंत. त्यावरील माल रोखीने.
>
> सीझनची सर्व रक्कम जमा झाल्यावर लिमिट 3,50,000 रुपये व मुदत 60 दिवस अशी नेहमीची उधारी पुढील सप्टेंबरपर्यंत राहील. सोबतच्या पाच अटी वाचून दुसऱ्या प्रतीवर सही करून पाठवावी.

शेवटचा परिच्छेद सोडू नका. नेहमीची उधारी कधी आणि कशाने परत मिळेल हे दुकानदाराला कागदावर दिसलं पाहिजे. तारीख नसलेली परीक्षा म्हणजे शिक्षाच.

त्याच दिवशी टॅलीमध्ये खातं बदला. `Maintain balances bill-by-bill` चालू, `Default credit period` 30 दिवस, `Check for credit days during voucher entry` चालू, आणि क्रेडिट लिमिट 1,75,000. पत्रात एक आणि संगणकात जुनं 8 लाख राहिलं, तर बिल करणारा मुलगा संगणकाचंच ऐकणार. 1 ऑक्टोबरला सीझनचं बिल करताना `New Ref` मध्ये एका बिलाचे दोन भाग पाडून दोघांना वेगळी मुदत द्या, नाहीतर उशिराची यादी चुकीची निघेल.

पुढे दर आठवड्याला मी या खात्यात दोनच गोष्टी पाहत होतो. पैसे बिलाच्या रकमेने येतात की गोल आकड्यात, आणि ऑर्डर नेहमीच्या मालाची आहे की पटकन विकून रोख करता येईल अशाच मालाची. दोन्ही बिघडली तर मुदत उलटायच्या आधीच भेटायला जावं.

जुलै-ऑगस्टची बिलं वेळेवर आली, एक चार दिवस उशिरा. 1 ऑक्टोबरला सीझनची उधारी उघडली. 20 फेब्रुवारीला त्याचा फोन आला: "भाऊ, चार लाख 28 पर्यंत देतो. सव्वा लाख राहतील, 12 मार्चला देतो." पंधरा दिवस वाढवून दिले. उरलेली बिलं डिसेंबरचीच होती, कारण जुनी आधी फिटली होती. पैसे 11 मार्चला जमा झाले आणि 15 मार्चपासून साडेतीन लाख, 60 दिवस चालू केले.